केएमएल संचिकेचे जीपीएक्समध्ये रूपांतर

केएमएल संचिकेचे जीपीएक्समध्ये रूपांतर ही संगणकावर आखलेला मार्ग भ्रमणध्वनीवरील पदभ्रमण अ‍ॅपमध्ये वापरता यावा यासाठी केली जाणारी प्रक्रिया आहे. केएमएल संचिकेत मार्गाची रेषा आणि वाटेवरील नोंदवलेली ठिकाणे, म्हणजे वेपॉइंट, एकाच प्रकारच्या नोंदीत ठेवलेली असतात. जीपीएक्समध्ये मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र घटक आहेत. त्यामुळे रूपांतर करताना रेषा नीट उतरते, पण वेपॉइंट गळतात, चुकीच्या जागी जातात किंवा त्यांची नावे वाचता येत नाहीत, असे वारंवार घडते. या लेखात वाशीम जिल्ह्यातील रिसोड येथून बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराकडे जाणाऱ्या मार्गाचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

## दोन स्वरूपांतील फरक

केएमएल हे कीहोल मार्कअप लँग्वेज या नावाचे संक्षिप्त रूप आहे. कीहोल या कंपनीने ते विकसित केले. २००४ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली आणि पुढे केएमएल गूगल अर्थचे मुख्य स्वरूप बनले. २००८ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने त्याची २.२ ही आवृत्ती मानक म्हणून स्वीकारली. केएमएलचा मूळ हेतू नकाशावर काहीतरी दाखवणे हा आहे. म्हणून त्यात रंग, चिन्हे, क्षेत्रे, चित्रे आणि माहितीच्या चौकटी यांनाही स्थान आहे.

जीपीएक्स म्हणजे जीपीएस एक्सचेंज फॉरमॅट. टोपोग्राफिक्स या कंपनीने ते २००२ मध्ये प्रसिद्ध केले. सध्या प्रचलित असलेली १.१ ही आवृत्ती २००४ मधील आहे. वेगवेगळ्या जीपीएस यंत्रांमध्ये आणि आज्ञावलींमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी, एवढाच त्याचा हेतू आहे. त्यामुळे त्याची रचना आटोपशीर असून त्यात तीनच मुख्य घटक आहेत. `wpt` हा सुटा वेपॉइंट असतो. `rte` हा ठरावीक वळणबिंदूंनी बनलेला नियोजित मार्ग असतो. `trk` हा जवळजवळच्या अनेक बिंदूंनी बनलेला ट्रॅक असतो.

केएमएलमध्ये ठिकाण असो वा रेषा, दोन्ही `Placemark` या नोंदीतच येतात. त्या नोंदीच्या आत `Point` असेल तर ते ठिकाण असते आणि `LineString` असेल तर ती रेषा असते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने हा भेद ओळखून पहिल्याचे `wpt` आणि दुसऱ्याचे `trk` करणे अपेक्षित असते. केवळ मार्ग काढून देणाऱ्या साधनांत `Point` असलेल्या नोंदी वगळल्या जातात. अशी संचिका भ्रमणध्वनीवर निर्धोक उघडते आणि रेषाही दिसते, म्हणून झालेली हानी प्रत्यक्ष वाटेवर पोहोचेपर्यंत लक्षात येत नाही.

## रेखांश आणि अक्षांशांचा क्रम

दोन्ही स्वरूपे डब्ल्यूजीएस ८४ हीच निर्देशांक पद्धती वापरतात. त्यामुळे आकडे बदलावे लागत नाहीत, परंतु त्यांचा क्रम उलटा आहे. केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश आणि शेवटी उंची लिहितात. जीपीएक्समध्ये अक्षांश आणि रेखांश `lat` आणि `lon` अशा नावांनी वेगळे लिहितात. रिसोडची केएमएलमधील नोंद पुढीलप्रमाणे असते.

```xml
<Placemark>
  <name>रिसोड</name>
  <description>प्रारंभ</description>
  <Point>
    <coordinates>76.78,19.97,0</coordinates>
  </Point>
</Placemark>
```

तीच नोंद जीपीएक्समध्ये अशी होते.

```xml
<wpt lat="19.97" lon="76.78">
  <name>रिसोड</name>
  <desc>प्रारंभ</desc>
</wpt>
```

हाताने किंवा स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने रूपांतर करताना क्रमाची चूक सहज होते. अक्षांश ९० अंशांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणून ज्या ठिकाणाचा रेखांश ९० पेक्षा जास्त आहे, तिथे ही चूक आपोआप उघड होते. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे आहे. तेथील संचिकेत आकडे उलटले तर अ‍ॅप संचिका नाकारू शकते. महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे ७२ ते ८१ अंश रेखांशांच्या दरम्यान आहे. त्यामुळे उलटलेले आकडेही नियमात बसतात आणि कोणताही दोष दाखवला जात नाही. रिसोडचे आकडे उलटले, तर बिंदू ७६.७८ अंश उत्तर आणि १९.९७ अंश पूर्व येथे, म्हणजे आर्क्टिक प्रदेशात स्वालबार्ड द्वीपसमूहाजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. अ‍ॅपमध्ये मार्ग उघडल्यावर नकाशा कोरा किंवा निळा दिसत असेल, तर प्रथम या क्रमाचा संशय घ्यावा.

वरील उदाहरणात आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले आहेत. शहर दाखवण्यास ते पुरेसे आहेत. पायवाटेसाठी मात्र ते अपुरे ठरतात, कारण अक्षांशातील ०.०१ अंश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर अंतर होते. लोणार विवराचा व्यासच सुमारे १.८ किलोमीटर आहे. एवढ्या चुकीने विवराच्या तळाशी असलेले मंदिर काठाबाहेरच्या शेतात दिसू शकते. पाच दशांश स्थळे ठेवल्यास ही चूक सुमारे एक मीटरपर्यंत खाली येते. निर्देशांक स्प्रेडशीटमधून घेतले असतील, तर तेथे आकडे पूर्णांकित झालेले नाहीत ना, हे पाहावे लागते.

## उदाहरण: रिसोड ते लोणार

रिसोड आणि लोणार जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोघांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे २८ किलोमीटर आहे. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले आहे. त्याच्या तळाशी असलेल्या सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी असून ते पिण्याजोगे नाही. म्हणून विवरात उतरणाऱ्यासाठी दोन ठिकाणांची माहिती रेषेपेक्षाही मोलाची असते. काठावरून खाली जाणारी वाट कोठे फुटते, हे एक आणि पिण्याचे पाणी शेवटचे कोठे भरून घ्यायचे, हे दुसरे. या दोन्ही गोष्टी मार्गरेषेत नसतात, त्या वेपॉइंटमध्ये असतात.

उदाहरणासाठी हा मार्ग गूगलच्या माय मॅप्समध्ये आखला आहे असे समजू. त्यात रिसोड बसस्थानक, लोणारचे दैत्यसूदन मंदिर, गोमुख, उतरण्याचा फाटा, तळाशी असलेले कमळजा देवी मंदिर आणि गावाजवळचे अंबर तळे अशी सहा ठिकाणे खुणांनी नोंदवली आहेत. रिसोड ते लोणार हा रस्ता वाहनमार्ग म्हणून शोधून घेतला आहे. विवरातील पायवाट हाताने आखली आहे आणि सरोवराचा आकार बहुकोनाने दाखवला आहे.

### केएमएल मिळवणे

नकाशा उतरवून घेताना माय मॅप्स सहसा केएमझेड संचिका देते. केएमझेड म्हणजे झिप पद्धतीने दाबलेली केएमएल संचिका होय. तिच्यात `doc.kml` ही मुख्य संचिका आणि चिन्हांची चित्रे असतात. पुष्कळशी रूपांतर साधने केएमझेड वाचत नाहीत. अशा वेळी संचिकेच्या नावातील `.kmz` बदलून `.zip` करावे, ती उलगडावी आणि आतील `doc.kml` वापरावी. अन्यथा उतरवून घेण्याच्या चौकटीतच केएमझेडऐवजी केएमएल हा पर्याय निवडावा.

त्याच चौकटीत माहिती अद्ययावत ठेवण्यासाठी `network link` वापरण्याचाही एक पर्याय असतो. तो निवडल्यास मिळणाऱ्या संचिकेत एकही निर्देशांक नसतो, मूळ नकाशाचा केवळ दुवा असतो. ती संचिका गूगल अर्थमध्ये व्यवस्थित दिसते, कारण ते आंतरजालावरून माहिती आणून दाखवते. रूपांतरानंतर मात्र जीपीएक्स संचिका रिकामी येते. संचिकेचा आकार जेमतेम एक किलोबाइट असणे आणि तिच्यात `NetworkLink` हा शब्द आढळणे ही याची खूण आहे.

### मोजणी

रूपांतरापूर्वी केएमएल संचिका साध्या मजकूर संपादकात उघडून `<Point>` आणि `<LineString>` किती वेळा आले आहे, हे मोजून ठेवतात. लिनक्सवर किंवा मॅक संगणकावर हे पुढील आज्ञांनी करता येते.

```sh
grep -o "<Point>" lonar.kml | wc -l
grep -o "<LineString>" lonar.kml | wc -l
```

वरील नकाशात सहा ठिकाणे नोंदवली असली, तरी पहिली आज्ञा ८ हे उत्तर देते. वाहनमार्ग शोधताना माय मॅप्स मार्गाच्या आरंभी आणि शेवटी एकेक बिंदू स्वतःच जोडते आणि तेही `Point` म्हणूनच लिहिले जातात. दुसऱ्या आज्ञेचे उत्तर २ येते. यांपैकी एक रेषा रस्त्याची आणि दुसरी पायवाटेची असते. सरोवराचा बहुकोन `Polygon` असल्यामुळे तो या दोन्ही मोजण्यांत येत नाही.

### रूपांतर

जीपीएसबेबल ही मुक्त आज्ञावली या कामासाठी प्रचलित आहे. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते आणि संचिका परक्या सर्व्हरवर चढवावी लागत नाही. तिची आज्ञा पुढीलप्रमाणे आहे.

```sh
gpsbabel -w -t -i kml -f lonar.kml -o gpx,gpxver=1.1 -F lonar.gpx
```

यात `-i` आणि `-f` मूळ संचिकेचे स्वरूप आणि नाव सांगतात, तर `-o` आणि `-F` नव्या संचिकेचे. `-w` म्हणजे वेपॉइंट आणि `-t` म्हणजे ट्रॅक. ही दोन्ही अक्षरे स्पष्टपणे लिहिणे हिताचे असते. केवळ `-t` लिहिले, तर आज्ञावलीला फक्त ट्रॅक हवे आहेत असा त्याचा अर्थ होतो. जीपीएसबेबलच्या खिडकीवजा आवृत्तीत याच पर्यायांसाठी खुणेच्या चौकटी असतात आणि वेपॉइंटची चौकट मोकळी राहणे हे ठिकाणे गळण्याचे नेहमीचे कारण आहे.

रूपांतरानंतर नव्या संचिकेत पुन्हा मोजणी करतात.

```sh
grep -o "<wpt" lonar.gpx | wc -l
grep -o "<trk>" lonar.gpx | wc -l
```

उदाहरणात ही उत्तरे अनुक्रमे ८ आणि २ यायला हवीत. पहिले उत्तर शून्य असेल, तर ठिकाणे गळली आहेत. ते शेकड्यांत असेल, तर साधनाने रेषेचा प्रत्येक बिंदू स्वतंत्र वेपॉइंट मानला आहे. अशी संचिका अ‍ॅपमध्ये उघडली की वाट खुणांच्या गर्दीखाली झाकली जाते आणि खरी ठिकाणे तिच्यात शोधता येत नाहीत. वाहनमार्गाचे दोन अनावश्यक बिंदू या टप्प्यावर मजकूर संपादकात काढून टाकता येतात. त्यासाठी `<wpt` पासून `</wpt>` पर्यंतचा संपूर्ण भाग पुसावा.

केएमएलमध्ये हाताने बदल केला असेल, तर आणखी एक दोष संभवतो. `coordinates` या घटकात स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडायची नसते, कारण तेथे मोकळी जागा एक बिंदू संपल्याचे दर्शवते. `76.78, 19.97` असे लिहिल्यास तो एक बिंदू न राहता दोन अपूर्ण बिंदू मानले जातात.

## नावे, वर्णने आणि चिन्हे

ठिकाणाचे `name` जीपीएक्सच्या `name` मध्ये आणि `description` हे `desc` मध्ये जाते. दोन्ही स्वरूपे यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरी सामावून घेतात. मात्र मधल्या टप्प्यावर संचिका एखाद्या जुन्या संपादकातून अन्य संकेतप्रणालीत जतन झाली, तर ‘गोमुख’ऐवजी प्रश्नचिन्हांची ओळ उरते. प्रश्नचिन्हे झालेली अक्षरे परत मिळवता येत नाहीत. त्यामुळे मूळ केएमएलवरून रूपांतर पुन्हा करावे लागते. याउलट संगणकावर नाव शुद्ध दिसत असूनही हातातील जीपीएस यंत्रावर चौकोन दिसत असतील, तर संचिका निर्दोष असून त्या यंत्रात देवनागरी टंक नाही, असे समजावे. अशा यंत्रासाठी नावे रोमन लिपीत लिहिलेली वेगळी प्रत तयार करतात.

माय मॅप्समध्ये ठिकाणाला तक्त्यासारखे रकाने जोडता येतात. ही माहिती केएमएलच्या `ExtendedData` या भागात ठेवली जाते. जीपीएक्सच्या मूळ रचनेत तिला समतुल्य जागा नसल्याने बहुतेक साधने ती सोडून देतात. खुणांचे रंग आणि चिन्हेही अशीच मागे राहतात. म्हणून ‘पाणी’ हा शब्द केवळ निळ्या चिन्हाने किंवा वेगळ्या रकान्यात व्यक्त केला असेल, तर तो रूपांतरात नाहीसा होतो. तो नावातच लिहिणे हा खात्रीचा उपाय आहे. ‘फाटा’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘उतरण्याचा फाटा – पाणी येथेच भरणे’ असे नाव दिल्यास ती सूचना अ‍ॅपच्या नकाशावर थेट वाचता येते. ठिकाणे केएमएलमध्ये गटवार ठेवलेली असल्यास तो गटही नाहीसा होतो. गरज वाटल्यास गटाचे नाव `wpt` मधील `type` या घटकात हाताने लिहितात. अशी भर घालताना घटकांचा क्रम पाळावा लागतो. जीपीएक्स १.१ मध्ये उंची दर्शवणारा `ele` आधी, त्यानंतर `name`, मग `desc` आणि त्यानंतर `sym` व `type` येतात.

सरोवराच्या बहुकोनासाठी जीपीएक्समध्ये घटकच नाही, कारण त्यात क्षेत्र ही कल्पना नाही. साधनानुसार तो बहुकोन वगळला जातो किंवा त्याच्या कडेची रेषा ट्रॅक म्हणून लिहिली जाते. दुसऱ्या प्रकारात ट्रॅकची संख्या मोजणीपेक्षा एकाने वाढते आणि अ‍ॅपमध्ये पाण्याच्या काठाने जाणारी एक खोटी वाट दिसू लागते. तो ट्रॅक काढून टाकणे आवश्यक असते.

## उंचीचा प्रश्न

रिसोडच्या केएमएल नोंदीतील तिसरा आकडा शून्य आहे. केएमएलमध्ये वेगळे काही सांगितले नसेल, तर बिंदू जमिनीला चिकटवून दाखवला जातो आणि उंचीचा आकडा दुर्लक्षिला जातो. त्यामुळे नकाशावर आखलेल्या सर्व बिंदूंपुढे हे शून्य केवळ जागा भरण्यासाठी असते. जीपीएक्समध्ये मात्र तेच शून्य `<ele>0.000</ele>` असे उतरते आणि तेथे त्याचा अर्थ समुद्रसपाटी असा होतो.

लोणारच्या मार्गात याचा परिणाम ठळकपणे दिसतो. विवराचा काठ आणि तळ यांच्या उंचीत सव्वाशे ते दीडशे मीटरचा फरक आहे. शून्य उंचीचा ट्रॅक अ‍ॅपमध्ये उघडल्यावर उंचीचा आलेख सपाट रेषा दाखवतो आणि एकूण चढ शून्य मीटर लिहितो. त्यावर विसंबून परतीचा वेळ ठरवल्यास दुपारच्या उन्हात हा सगळा चढ अनपेक्षितपणे समोर येतो. आलेख पूर्णपणे सपाट असणे हीच या दोषाची खूण आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे शून्य असलेले सर्व `ele` घटक शोधून पुसून टाकणे. उंचीचा आकडा नसलेली संचिका जीपीएक्समध्ये ग्राह्य असते आणि खोट्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी ठरते. दुसरा उपाय म्हणजे भूपृष्ठाच्या उंचीच्या प्रतिमानावरून आकडे भरणे. जीपीएस व्हिज्युअलायझरसारखी संकेतस्थळे ही सोय देतात. या कामासाठी बहुधा २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या एसआरटीएम या रडार सर्वेक्षणाची माहिती वापरली जाते. तिचा सूक्ष्मतम चौकोन सुमारे ३० मीटरचा आहे. विवराच्या तीव्र उतारावर एवढ्या अंतरात उंची दहा-पंधरा मीटरने बदलू शकते. म्हणून असा आलेख एकूण चढाचा अंदाज देतो, परंतु एखाद्या पायरीचा किंवा कड्याचा नेमका उतार दाखवू शकत नाही.

## भ्रमणध्वनीवर तपासणी

तयार संचिका भ्रमणध्वनीवर पाठवून ओस्मअँडसारख्या अ‍ॅपमध्ये उघडली जाते. आयात झाल्यानंतर रेषा आणि ठिकाणे अ‍ॅपच्या वेगवेगळ्या भागांत दिसू शकतात. ओस्मअँडमध्ये वेपॉइंट त्या ट्रॅकच्या माहितीतच, बिंदूंच्या यादीत सापडतात. काही अ‍ॅप्स ती ठिकाणे आवडत्या जागांच्या यादीत टाकतात, तर काहींमध्ये ती नकाशावर दाखवण्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. त्यामुळे ठिकाणे दिसत नसल्यास संचिका पुन्हा तयार करण्यापूर्वी तिच्यातील `<wpt` ची मोजणी पाहावी. मोजणी बरोबर असेल, तर दोष संचिकेत नसून अ‍ॅपमधील दर्शनाच्या निवडीत असतो.

अंतिम तपासणी भ्रमणध्वनीचे आंतरजाल बंद करून करतात. नकाशाचा संबंधित भाग आधी उतरवून घेतलेला असेल, तर रेषा, ठिकाणे आणि त्यांची नावे तशीच दिसायला हवीत. परिचित असलेल्या दोन ठिकाणांवर बोट ठेवून त्यांचे निर्देशांक मूळ केएमएलशी ताडून पाहिले जातात. उदाहरणात रिसोड बसस्थानक आणि कमळजा देवी मंदिर ही दोन ठिकाणे त्यासाठी पुरेशी आहेत, कारण ती मार्गाच्या दोन टोकांना आहेत.

## मर्यादा

रूपांतराने मूळ माहितीची अचूकता वाढत नाही. उपग्रहचित्रावर पाहून हाताने आखलेली पायवाट जीपीएक्समध्ये ट्रॅक म्हणून लिहिली जाते आणि प्रत्यक्ष चालून नोंदवलेल्या ट्रॅकपासून ती वेगळी ओळखता येत नाही. एक फरक मात्र सहसा आढळतो. चालून नोंदवलेल्या ट्रॅकच्या प्रत्येक बिंदूला `time` हा वेळेचा घटक असतो, तर आखलेल्या रेषेला तो नसतो. लोणार विवराच्या उतारावर दाट झाडी आहे. तिच्याखालची वाट उपग्रहचित्रात दिसत नसल्याने तेथे आखलेली रेषा अनुमानाचीच असते.

लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. कोणत्या वाटेने उतरता येते आणि कोणता भाग बंद आहे, हे वन विभागाच्या नियमांवर अवलंबून असते. ते बदलले, तरी आधी उतरवून घेतलेल्या जीपीएक्स संचिकेत काहीच बदल होत नाही. म्हणून संचिका कोणत्या दिवशीच्या माहितीवरून तयार केली, हे तिच्या आरंभीच्या `metadata` भागातील `time` या घटकावरून किंवा संचिकेच्या नावातील दिनांकावरून कळेल अशी व्यवस्था केली जाते. रूपांतर साधन या घटकात सामान्यतः रूपांतराचा दिनांक लिहिते, मूळ नकाशा आखल्याचा नव्हे. हा फरक लक्षात घेऊन आखणीचा दिनांक ट्रॅकच्या वर्णनात स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.